शंभरातल्या सतरा पेशी

आत्याचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. पाठवणारा आतेभाऊ, सांगलीजवळच्या गावातून. चार पानांची पीडीएफ आणि खाली त्याचा प्रश्न: "शंभरातल्या सतराच पेशी पॉझिटिव्ह म्हणतायत. मग औषध सतरा टक्केच लागू पडणार का रे? तू इंजिनिअर आहेस, बघून सांग."

आत्या चौपन्न वर्षांची. तंबाखू तर सोडाच, मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. खोकला थांबेना म्हणून आधी टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. काही महिने गेले, खोकला तसाच, वजन उतरत गेलं. मग सीटी स्कॅन, मग सुईने काढलेली बायोप्सी, मग निदान: फुफ्फुसाचा अॅडेनोकार्सिनोमा, पसरलेला. ईजीएफआर नावाच्या जनुकाची तपासणी निगेटिव्ह आली. त्यानंतर एएलके जनुकाची झाली आणि तिच्यात हा सतराचा आकडा आला.

बारावीनंतर मी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये सतरा टक्के एरर दिसल्या तर काय करायचं ते मला कळतं, पण पेशींमधले सतरा टक्के म्हणजे काय हे कळेना. आतेभावाला लिहिलं, "दोन दिवस दे." त्या दोन दिवसांचे पुढे बरेच महिने झाले. सतरा या आकड्याचा अर्थ शोधताना त्याच्यामागचा सगळा इतिहासच हाती लागला.

तुटून भलतीकडे जुळलेली जनुकं

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. कधी कधी गुणसूत्र तुटतं. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती तुटलेली टोकं पुन्हा जोडते. पण क्वचित चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात. तुटण्याच्या दोन्ही जागा जनुकांच्या मधोमध असतील, तर एका जनुकाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा भाग मिळून एक नवंच जनुक तयार होतं. हे फ्यूजन. बहुतेक वेळा अशा जोडातून काहीच अर्थपूर्ण निघत नाही. एखाद्या वेळी मात्र निघतं, आणि ते घातक ठरतं.

रक्ताच्या कर्करोगात हे फार आधी दिसलं. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशींमध्ये एक आखूड गुणसूत्र सापडलं. ते नववं आणि बाविसावं गुणसूत्र यांच्या अदलाबदलीतून आलं आहे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या जोडातून तयार होणारं प्रथिन अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये बाजारात आली आणि त्या ल्युकेमियाचं चित्र पालटलं.

एएलकेचं नावही रक्ताच्याच कर्करोगातून आलेलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात स्टीफन मॉरिस आणि सहकाऱ्यांना अॅनाप्लास्टिक लिम्फोमा या आजारात दुसरं आणि पाचवं गुणसूत्र जोडलेलं दिसलं. त्या जोडात एक अनोळखी जनुक होतं. त्याला त्यांनी आजाराचंच नाव दिलं: अॅनाप्लास्टिक लिम्फोमा काइनेज, म्हणजे एएलके. जिथे सापडलं तिथला पत्ता नावाला कायमचा चिकटला. म्हणूनच आत्याच्या फुफ्फुसाच्या रिपोर्टवर 'लिम्फोमा' हा शब्द वाचून आतेभाऊ आणखी घाबरला होता. "आता हे दुसरं काय निघालं?" दुसरं काही नव्हतं. नावच तेवढं जुनं होतं.

तोचिगीमधला प्रयोग

फुफ्फुस, स्तन, आतडं अशा अवयवांतल्या गाठींमध्येही फ्यूजन असतील का, हे शोधणं अवघड होतं. रक्ताच्या पेशी मोकळ्या असतात, त्यांची गुणसूत्रं पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. गाठीतल्या पेशींची गुणसूत्रं तशी सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांत इतकी मोडतोड असते की नेमकी महत्त्वाची कोणती ते कळत नाही.

जपानमधल्या तोचिगी प्रांतातल्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीत हिरोयुकी मानो यांनी वेगळा रस्ता धरला. गुणसूत्रांकडे बघायचंच नाही. गाठीतली जनुकं निरोगी पेशींत टाकायची, आणि कोणतं जनुक त्या पेशींना बिघडवतं ते बघायचं.

हा प्रयोग मला फार आवडला, कारण आम्ही बग शोधतो तसाच तो आहे. मोठ्या बदलातली नेमकी कोणती ओळ सिस्टिम पाडते हे वाचून कळत नसेल, तर एकेक ओळ चांगल्या सिस्टिममध्ये टाकून बघायची. मानो यांच्या प्रयोगशाळेने बासष्ट वर्षांच्या, धूम्रपान करणाऱ्या एका पुरुषाची फुफ्फुसातली गाठ घेतली. तिच्यात चालू असलेल्या सगळ्या जनुकांच्या प्रती काढल्या आणि विषाणूंवर चढवून त्या उंदराच्या '३टी३' नावाच्या पेशींमध्ये सोडल्या. या पेशी फार शिस्तीच्या. बशीच्या तळाशी एका थरात पसरतात, शेजारच्या पेशीला टेकल्या की वाढणं थांबवतात. एखादीत कर्करोग घडवणारं जनुक शिरलं तर मात्र ती शिस्त सोडते. पेशी एकमेकींवर चढतात आणि बशीत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा ढीग होतो. त्या ढिगातून बाहेरून आलेलं जनुक परत काढायचं आणि वाचायचं.

एका ढिगातून जे निघालं त्याचा पुढचा भाग होता ईएमएल४ या जनुकाचा आणि मागचा भाग एएलकेचा. हा शोध मानाबू सोदा, मानो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. त्यांनी तपासलेल्या पंचाहत्तर रुग्णांपैकी पाच जणांत हा जोड सापडला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेतल्या एका गटानेही पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने, प्रथिनं तपासून, हाच जोड शोधला. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

गंमत अशी की ईएमएल४ आणि एएलके शेजारीच राहतात. दोन्ही दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर, एकमेकांपासून सुमारे सव्वा कोट अक्षरांच्या आत. पण त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. मधला तुकडा सुटून उलटा बसला की दोघं एका ओळीत येतात. हे 'शेजारी असणं' लक्षात ठेवा. आत्याच्या सतराचं मूळ तिथेच आहे.

४९६ अधिक ५६३

आता हा जोड नेमकं करतो काय? एएलके हे प्रथिन मुळात पेशीच्या आवरणात बसलेलं असतं. बाहेरचं टोक संदेश पकडतं, आतलं टोक काइनेज असतं, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून 'वाढा' असा हुकूम पुढे देणारं. दोन एएलके जवळ आले की ते एकमेकांना चालू करतात. एरवी हे बाहेरून संदेश आला तरच घडतं, आणि तेही मुख्यतः गर्भात मज्जासंस्था घडताना. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात एएलके जवळजवळ नसतंच.

मानो यांना मिळालेल्या प्रथिनात १०५९ अमिनो आम्लं होती: पहिली ४९६ ईएमएल४ची, पुढची ५६३ एएलकेची. एएलकेचं बाहेरचं टोक आणि आवरणात बसणारा भाग तुटून गेलेला. काइनेज मात्र पूर्ण शाबूत.

ईएमएल४ दोन गोष्टी पुरवतं. एक, ते फुफ्फुसाच्या पेशीत नेहमी चालू असणारं जनुक आहे. त्याच्या पाठीवर बसून एएलकेचं काइनेज तिथे तयार होऊ लागतं. दोन, ईएमएल४च्या पुढच्या भागाला आपल्यासारख्याच दुसऱ्या भागाला वेटोळं घालून चिकटण्याची सवय आहे. त्यामुळे दोन काइनेज कायम एकत्र येतात आणि संदेशाशिवायच चालू राहतात. दाराची बेल वाजली की लागणारा दिवा होता. आता बेल काढून टाकली आहे आणि बटण सेलोटेपने दाबून ठेवलं आहे.

एवढ्यानेच कर्करोग होतो का, हेही त्यांनी तपासलं. उंदरांच्या फुफ्फुसात हे एकच जनुक चालू केलं. काही आठवड्यांतच फुफ्फुसांत शेकडो गाठी झाल्या. एएलके अडवणारं रसायन दिल्यावर त्या आकसल्या. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

औषध का लागू पडतं, याचं उत्तर इथे आहे. या गाठीची जगण्याची सगळी भिस्त त्या एका बटणावर असते. निरोगी पेशीला 'जगा, वाढा' हा संदेश अनेक वाटांनी मिळतो. या पेशींना एकाच वाटेची इतकी सवय होते की ती बंद झाली की त्या मरतात. उलट आपल्या निरोगी अवयवांना मोठेपणी एएलकेची फारशी गरज नसते, म्हणून ते बंद केलं तरी शरीर ते सोसतं.

बंद करायचं कसं? काइनेज ज्या फॉस्फेटने हुकूम देतं ते एटीपी नावाच्या रेणूतून येतं. एटीपीला बसायला काइनेजमध्ये एक खोबण असते. त्या खोबणीत घट्ट बसणारा छोटा रेणू आधीच घुसवला, तर एटीपीला जागा राहत नाही.

असा रेणू तेव्हा तयारच होता. फायझर कंपनीने तो मेट नावाच्या दुसऱ्याच काइनेजसाठी बनवला होता आणि २००६ मध्ये माणसांवर त्याच्या चाचण्या सुरूही केल्या होत्या. तो एएलकेच्याही खोबणीत बसतो, हे प्रयोगशाळेत माहीत होतं. तोचिगीचा शोध छापून आल्यावर त्याच चालू चाचणीत एएलके फ्यूजन असलेले रुग्ण घ्यायचं ठरलं. हा रेणू म्हणजे क्रिझोटिनिब. २०१० मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले: ८२ रुग्णांपैकी ४७ जणांची गाठ लक्षणीय आकसली. पण हे ८२ जण मिळवायला सुमारे दीड हजार रुग्ण तपासावे लागले होते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, आणि त्याच दिवशी एका तपासणी किटलाही. शोधापासून चार वर्षांत.

औषध आणि किट एकत्र मंजूर झाले, कारण किटशिवाय औषधाला अर्थ नव्हता. आत्याच्या रिपोर्टवर जी तपासणी होती, ती याच किटच्या पद्धतीची.

लाल आणि हिरवा ठिपका

या तपासणीचं नाव फिश. एएलके जनुक जिथे तुटतं त्या जागेच्या एका बाजूला लाल चमकणारा डीएनएचा तुकडा चिकटवतात, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक अखंड असेल तर लाल आणि हिरवा एकमेकांना लागून दिसतात, कधी मिसळून पिवळे. जनुक तुटलं असेल तर ते वेगळे होतात. जोडीदार कोण आहे हे यातून कळत नाही. एएलके तुटलं आहे, एवढंच कळतं. उपचाराला तेवढं पुरतं.

लिम्फोमामध्ये हे बघणं सोपं, कारण तिथे एएलकेचा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्रावर जातो आणि ठिपके लांब पडतात. फुफ्फुसात मात्र जोडीदार शेजारीच. मधला तुकडा फक्त उलटला आहे. त्यामुळे ठिपके थोडेसेच दूर होतात. किती दूर म्हणजे 'वेगळे'? नियम असा: दोघांमध्ये किमान दोन ठिपके मावतील एवढी फट हवी.

त्यात काचेवर ठेवलेला गाठीचा काप जेमतेम चार-पाच मायक्रॉन जाडीचा, आणि पेशीचं केंद्रक त्याहून मोठं. म्हणजे सुरीने बरीच केंद्रकं मधूनच कापलेली. कुणाचा तुटलेला भाग कापात आलाच नाही, कुणाचे ठिपके एकावर एक पडले. म्हणून गाठीतल्या सगळ्या पेशींत फ्यूजन असलं तरी सगळ्यांत ते दिसत नाही. उलट, निरोगी पेशींतही काही ठिपके योगायोगाने लांब दिसतात.

म्हणून मोजणीची रीत ठरली. एक तज्ज्ञ गाठीच्या पन्नास पेशी मोजतो. पाचपेक्षा कमी पेशींत ठिपके वेगळे असतील तर निगेटिव्ह. पंचवीसपेक्षा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. मधे कुठे असेल तर दुसरा तज्ज्ञ आणखी पन्नास मोजतो आणि दोघांची बेरीज करतात. शंभरात पंधरा किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह.

आत्याच्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर हेच होतं. पहिल्याने पन्नासात नऊ मोजले, दुसऱ्याने आठ. नऊ आणि आठ सतरा.

म्हणजे सतरा टक्के हा तिच्या आजाराचा किंवा औषधाच्या यशाचा आकडा नव्हताच. बघणाऱ्याला फट किती पेशींत स्पष्ट दिसली, एवढाच तो आकडा. पंधराची रेघ 'योगायोग' आणि 'खरोखर तुटलं आहे' यांच्यात ओढलेली आहे. रेघेच्या वर गेलं की उत्तर 'हो'. मी आतेभावाला फोन करून हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग नुसतं हो लिहायचं की रं."

पण 'नुसतं हो' लिहिण्याइतकं ते सरळ नव्हतं. फ्यूजन असलेल्या बहुतेक गाठींत हा आकडा सतराच्या बराच वर असतो. सतरा ही रेघेला चिकटलेली संख्या. कापात थोडं इकडेतिकडे झालं असतं तर तेराही आले असते, आणि योगायोगानेही सतरा येऊ शकतात. रिपोर्टच्या शेवटी पॅथॉलॉजिस्टनी तसं लिहिलंच होतं: निकाल सीमेलगतचा आहे, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी.

ब्लॉकमध्ये उरलेलं

दुसरी पद्धत करायला गाठीचा तुकडा लागतो. सुईने काढलेली बायोप्सी शेवयीच्या तुकड्याएवढी. ती मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि पातळ काप घेत जातात. निदानासाठी काही काप गेले, ईजीएफआरसाठी काही गेले, फिशसाठी गेले. लॅबमधून कळलं, आता जेमतेम दोन-तीन कापांचं काम होईल. आत्याची पुन्हा बायोप्सी करायची कुणाची तयारी नव्हती. तिला सलग चार वाक्यंही बोलता येत नव्हती.

पर्याय दोन होते. एक, आरएनए वाचणं. पेशी जनुकावरून जी कामचलाऊ प्रत काढते ती आरएनए. फ्यूजन असेल तर जोडाची जागाच तिथे अक्षरांत वाचता येते. रिपोर्टवर `E13;A20` असं काही छापून येतं, म्हणजे ईएमएल४चा तेरावा खंड एएलकेच्या विसाव्याला जोडलेला. यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. पण आरएनए नाजूक. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या तुकड्यात त्याचे बारीक तुकडे होतात. शिवाय त्याला माल जास्त लागतो. आरएनए खराब असेल तर 'फ्यूजन सापडलं नाही' असा निकाल येतो, आणि तो 'फ्यूजन नाही' असा वाचला जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा रिपोर्टमध्ये आरएनएचा दर्जा पुरेसा होता का, हे आधी बघायचं असतं.

दुसरा पर्याय एका कापात होणारा: एएलके प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड टाकायचं. जिथे ते चिकटेल तिथे तपकिरी रंग. यामागचा तर्क सुरेख आहे. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात एएलके नसतंच, त्यामुळे गाठीत ते दिसलं म्हणजे कुठल्या तरी जोडीदाराने त्याला तिथे आणलं. सुरुवातीला ही पद्धत फसायची, कारण फुफ्फुसातल्या फ्यूजनचं प्रथिन लिम्फोमापेक्षा खूप कमी बनतं आणि रंग दिसतच नसे. मानो यांच्यासोबत काम केलेल्या केंगो ताकेउची यांनी २००९ मध्ये रंग वाढवणारी मधली पायरी घालून तो दिसता केला. पुढे डी५एफ३ नावाचं प्रतिपिंड आणि रंग वाढवणारी यंत्रणा असलेली तपासणी २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

आत्याच्या डॉक्टरांनी हीच निवडली. तीन दिवसांनी निकाल आला: गाठीच्या पेशींत गडद, एकसारखा तपकिरी रंग. फिशमध्ये सतरा, पण इथे जवळजवळ सगळ्या. दोन वेगळ्या पुराव्यांनी एकच गोष्ट सांगितली. तेव्हा 'हो' पक्कं झालं.

तोच प्रयोग, पंचवीस वर्षं आधी

वाचता वाचता मी एनटीआरके या दुसऱ्या फ्यूजनपाशी पोहोचलो आणि थबकलो. कारण त्याची सुरुवात एएलकेसारखीच आहे, पण फार आधीची. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मारियानो बार्बासिद यांच्या गटाने हाच खेळ मांडला होता. गाठींचा डीएनए ३टी३ पेशींत टाकायचा आणि ढीग बघायचे. आतड्याच्या एका गाठीतून ढीग मिळाला. १९८६ मध्ये त्यांनी ते जनुक वाचलं. पुढचा भाग ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा, मागचा एका अनोळखी काइनेजचा. त्यावरून त्या काइनेजचं नाव पडलं ट्रॅक. त्याची तीन जनुकं आहेत: एनटीआरके१, २ आणि ३.

या फ्यूजनसाठीची गोळी, लॅरोट्रेक्टिनिब, अमेरिकेत मंजूर झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये. तिकडे चार वर्षं, इकडे पहिल्या ढिगापासून छत्तीस.

उशीर का झाला? ट्रॅकचं बटणही तसंच अडकतं, आणि त्याची खोबणही औषधाने भरता येते. अडचण रुग्ण सापडण्याची होती. आतडं, फुफ्फुस अशा नेहमीच्या कर्करोगांत हे फ्यूजन शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत असतं. उलट लाळग्रंथीच्या स्रावी कर्करोगात आणि तान्ह्या मुलांच्या फायब्रोसार्कोमात ते बहुतेकांत असतं, पण ते आजारच दुर्मीळ. अवयवानुसार रुग्ण मोजले तर कुठल्याच अवयवात चाचणी भरत नाही.

एएलकेला उपयोगी पडलेल्या तपासण्याही इथे अडखळतात. फिश करायची तर तीन जनुकांसाठी तीन वेळा. तपकिरी रंगाची तपासणी होते, पण ट्रॅक प्रथिन मज्जातंतूंत आणि गुळगुळीत स्नायूंत मुळातच असतं, म्हणून रंग दिसला म्हणजे फ्यूजनच असं म्हणता येत नाही. त्यामुळे ती फक्त पहिली चाळणी. डीएनए वाचायचा तर एनटीआरके२ आणि ३ जिथे तुटतात त्या मधल्या जागा प्रचंड लांब आहेत, सगळ्या वाचणं परवडत नाही. आरएनएमध्ये त्या लांब जागा पेशीनेच कापून टाकलेल्या असतात, जोड सरळ समोर येतो. म्हणजे गाठीतला आरएनए रोजच्या कामात, पुष्कळ जनुकांसाठी एकदम वाचता येऊ लागला, तेव्हा कुठे हे रुग्ण विखुरलेल्या ठिकाणांहून गोळा होऊ शकले.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ रुग्ण होते. सर्वांत लहान चार महिन्यांचा, सर्वांत मोठा शहात्तर वर्षांचा. सतरा प्रकारच्या गाठी. साम्य एवढंच की सगळ्यांच्या गाठीत ट्रॅकचं फ्यूजन. पंचाहत्तर टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली. मान्यता मिळाली तीही अवयवाचं नाव न घेता.

मला या दोन तारखांमधलं अंतर विसरता येत नाही. बरं करू शकणारं उत्तर बशीतल्या ढिगात १९८२ पासून होतं. ज्यांना ते लागू पडलं असतं ती माणसं मधल्या काळात होतीच, फक्त कुणाला ओळखता येत नव्हती.

अठ्ठावीस वर्षांचा तो

आणखी एका रुग्णाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव कुठे छापलेलं नाही. वय अठ्ठावीस, आज माझं आहे तेवढं. कधी सिगारेट न ओढलेला. एप्रिल २००८ मध्ये त्याला फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, केमोथेरपीला दाद देईना. त्याच्या थुंकीत ईएमएल४-एएलकेचा आरएनए सापडला. नोव्हेंबरमध्ये त्याला क्रिझोटिनिब सुरू झालं आणि आठवड्याभरात त्याची लक्षणं झपाट्याने कमी झाली. पाच महिन्यांनी गाठ एकाएकी पुन्हा वाढली.

मानो यांच्या गटाने औषधाआधीच्या आणि नंतरच्या पेशी वाचल्या. नंतरच्या पेशींत एएलकेच्या काइनेजमध्ये दोन नवे बदल होते, दोन वेगवेगळ्या पेशीगटांत. एका बदलात खोबणीच्या तोंडाशी असलेल्या अमिनो आम्लाच्या जागी जाडजूड दुसरं आलं होतं. एटीपी आत शिरत होतं, औषधाला मात्र वाट उरली नव्हती. बटण तेच, पण कुलूप बदललं होतं.

यातूनच पुढची औषधं घडली. खोबणीचा नवा आकार बघून नवा रेणू. अॅलेक्टिनिब, मग लॉरलॅटिनिब. लॉरलॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी साठ टक्क्यांत पाच वर्षांनंतरही आजार पुढे सरकलेला नव्हता, असे आकडे २०२४ मध्ये आले. त्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला पाच महिने मिळाले होते.

आत्याला अॅलेक्टिनिब चालू आहे. सकाळी चार कॅप्सूल, संध्याकाळी चार, जेवणासोबत. पहिल्या महिन्यात खोकला गेला. तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान. बद्धकोष्ठ होतं, थकवा येतो, उन्हात गेलं की अंग भाजतं, म्हणून ती छत्री घेऊन शेतावर जाते आणि गावातल्या बायका हसतात. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. त्याच्या आदल्या रात्री आतेभाऊ मला फोन करतो आणि कशाबद्दलही बोलतो, स्कॅन सोडून.

आजार उलटू शकतो हे मी त्याला सांगितलं आहे. उलटला तर पुन्हा बायोप्सी करून कुलूप कसं बदललंय ते वाचायचं, हेही सांगितलं आहे. आत्याला सगळं सांगायचं ठरवलं तेव्हा मी कागदावर दोन ठिपके काढले, लाल आणि हिरवा. तिने नीट बघितलं. म्हणाली, "आणि हे मोजतं कोण? माणूस?"

म्हटलं, हो. एकाने नऊ मोजले, दुसऱ्याने आठ.

"मग दोघांनी जरा डोळं फाडूनच बघितलं असणार," ती म्हणाली, आणि कागद घडी करून औषधांच्या डब्यात ठेवला.